मदत हवी आहे: ‘स्वार्थ’ या शब्दाचा अर्थ नेमका कुठे बदलतो?

पुढील युक्तिवाद तपासतो आहे: माणूस स्वेच्छेने जे करतो ते स्वतःची इच्छा पुरवण्यासाठी करतो, स्वतःची इच्छा पुरवणे म्हणजे स्वार्थ, म्हणून रक्तदानही स्वार्थीच ठरते. दोन्ही ठिकाणी ‘स्वार्थ’चा एकच अर्थ ठेवून पाहिला. ‘स्वतःची इच्छा पुरवणे’ हा अर्थ घेतला, तर विधाने टिकतात, परंतु निष्कर्षातली निंदा गळून पडते. ‘इतरांची पर्वा न करता स्वतःचा लाभ पाहणे’ हा घेतला, तर निंदा उरते, पण दुसरे विधानच खोटे ठरते, कारण इच्छा दुसऱ्याच्या भल्याचीही असू शकते. (पहिले विधानही वादग्रस्त आहे, पण ते तूर्त बाजूला ठेवावे.) प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की दुसरे विधान ही निव्वळ व्याख्या आहे, त्यामुळे अर्थ बदललेलाच नाही. अशा वेळी दोष संदिग्धार्थाचा मानावा की व्याख्येचा, आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावे?