मदत हवी आहे : वडिलांचा मनाईचा दावा 2016 ला फेटाळला, आता मालकीचा नवा दावा लावता येईल का?

माणदेशी

नमस्कार. विषय घरच्या जमिनीचा आहे. थोडं लांब होईल, पण तपशील दिल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आजोबांच्या नावचा एक गट आहे, 2 एकर 30 गुंठे. 1978 साली वडील आणि चुलते यांच्यात तोंडी वाटप झालं आणि हा गट वडिलांना आला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सातबाऱ्यावर मात्र दोघांचीही नावं राहिली, फेरफार कधी झालाच नाही. 2011 ला चुलत्यांशी बांधावरून भांडण झालं आणि वडिलांनी तालुक्याच्या कोर्टात कायम मनाईचा दावा लावला. 2016 ला तो फेटाळला गेला. वडील तेव्हा आजारी होते, अपील केलं नाही. 2019 ला वडील गेले, पुढच्या वर्षी चुलतेही गेले.

आता चुलतभावांनी वाटपाचा दावा आणलाय. त्यात माझ्या दोन आत्याही प्रतिवादी आहेत. आमचे वकील म्हणतात, आपण उलट मालकी जाहीर करून मागणारा स्वतंत्र दावा लावू, कारण मागचा दावा फक्त मनाईचा होता, मालकीचा नव्हता. दुसऱ्या एका वकिलांना दाखवलं तर ते म्हणाले रेस ज्युडिकाटा लागेल, म्हणजे एकदा निकाली निघालेला मुद्दा पुन्हा उघडता येत नाही, पैसे घालवू नका. तिसऱ्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 10 चं नाव काढलं. मी पार गोंधळलोय. वडिलांनी त्या रानात विहीर पाडली, आयुष्य घातलं. ते एका कागदामुळे जाऊ नये असं मनापासून वाटतं.

---

विधी_तृतीय वर्ष

दादा, तुमच्या पहिल्या वकिलांचं बरोबर वाटतं. मागच्या दाव्यात मागणी मनाईची होती, आता मालकी जाहीर करण्याची. मागणी वेगळी म्हणजे दावा वेगळा, मग रेस ज्युडिकाटाचं कलम 11 लागणार नाही. आणि वाटपाचा दावा आधीच चालू आहे म्हणून तुमचा नवा दावा कलम 10 खाली फेटाळला जाईल अशी भीती असेल, तर तो वाटपाच्या दाव्याचा निकाल लागल्यावर लावा.

---

जुन्या वकीलबाई

विधी_तृतीय वर्ष, तुमच्या दोन्ही वाक्यांत थोडी गल्लत आहे. राग मानू नका, मी 31 वर्षं दिवाणी कामं केली आणि सुरुवातीला मलाही असंच वाटायचं.

कलम 11 मागणी बघत नाही, मुद्दा बघतं. दावा मनाईचा असो की वाटपाचा, त्याच पक्षकारांमध्ये किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांमध्ये एखादा मुद्दा थेट आणि मुख्यत्वे वादात होता, सक्षम कोर्टाने तो ऐकून अखेर निकाली काढला, तर तोच मुद्दा पुन्हा उघडता येत नाही. माणदेशी वडिलांचे वारस, चुलतभाऊ चुलत्यांचे वारस, म्हणजे पक्षकार तेच धरले जातात. कनिष्ठ स्तराच्या कोर्टाचे आर्थिक अधिकार मर्यादित होते, ही सबबही चालणार नाही. 1976 च्या दुरुस्तीने कलम 11 ला आठवं स्पष्टीकरण जोडलं ते त्याचसाठी.

आता अडचण अशी की मनाईच्या दाव्यात दरवेळी मालकी ठरतेच असं नाही. बहुतेक वेळा कोर्ट फक्त कब्जा बघतं आणि मालकीचा उल्लेख ओझरता येतो. तसं असेल तर नंतरच्या मालकीच्या दाव्याला अडथळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या अनथुला सुधाकर निकालात हा फरक नीट सांगितला आहे. मालकीबद्दल दाव्यात आणि प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, म्हणजे कैफियतीत, कथन होतं का, आणि त्यावर मुद्दा काढला होता का, हे बघायचं.

म्हणून माणदेशी, 2016 चं निकालपत्र उघडा आणि मुद्द्यांचा तक्ता इथे शब्दशः लिहा. नावं आणि गट नंबर वगळा.

---

गिरगावकर

ताई, मध्येच विचारतो. आमची एक जुनी खोली भाड्याने आहे, भाडेकरू कुलूप लावून गावी राहतो. सहा महिने वापर नाही म्हणून आम्ही दावा लावला, तो रेंगाळलाय. आता आणखी काही वर्षं कुलूपच आहे म्हणून दुसरा दावा लावला, तर त्यांचा अर्ज आला की पहिला प्रलंबित आहे, दुसरा थांबवा. आमचंही रेस ज्युडिकाटाच का?

---

जुन्या वकीलबाई

तुमचं ते नाही, तुमचा प्रश्न कलम 10 चा आहे. पण मुंबईतल्या अगदी अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 ला, अस्पी जल निकालात, नंतरचा दावा थांबवायला नकार दिला. दर दाव्यात दावा दाखल होण्याच्या लगतचे सहा महिने वापर होता का हे बघायचं असतं, आणि ते सहा महिने प्रत्येक दाव्यात वेगळे. पहिल्यात तुम्ही हरलात तरी दुसऱ्या काळाचा प्रश्न शिल्लकच राहतो. कसोटी तीच ठेवायची, की पहिल्या दाव्याचा निकाल लागला तर तो दुसऱ्यात बाधक ठरेल का. ठरत नसेल तर कलम 10 नाही. तुमच्या वकिलांना तो निकाल दाखवा.

आणि विधी_तृतीय वर्षसाठी, कलम 10 ने दावा फेटाळला जात नाही. नंतर दाखल झालेल्या दाव्याची सुनावणी थांबते, इतकंच. दावा दाखल करायला बंदी नाही, आणि तो थांबलेला असतानाही निशाणी 5 वर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज चालतो.

---

माणदेशी

निकालपत्र सापडलं, वडिलांच्या ट्रंकेत होतं. मुद्दे असे आहेत :

मुद्दा 1 : सन 1978 मधील तोंडी वाटपात दावा मिळकत वादीचे हिश्श्यास आली, हे वादी शाबीत करतात काय? — नाही.
मुद्दा 2 : दावा दाखल तारखेस दावा मिळकतीत वादीचा कब्जा होता काय? — होय.
मुद्दा 3 : प्रतिवादी वादीचे कब्जास हरकत करतात काय? — नाही.
मुद्दा 4 : वादी मनाई हुकूम मिळण्यास पात्र आहेत काय? — नाही.

कारणांत वाटपाबद्दल पाच पानं आहेत. वडिलांच्या बाजूने दोन साक्षीदार होते. एकाने उलटतपासात सांगितलं की वाटपाच्या वेळी तो हजर नव्हता, नंतर ऐकलं. हे वाचताना फार वाईट वाटलं. तो माणूस रोज आमच्या ओसरीवर बसायचा.

मुद्दा 2 आमच्या बाजूने आहे ना? मग त्याचा उपयोग नाही का?

---

जुन्या वकीलबाई

आता चित्र स्पष्ट होतंय आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

मुद्दा 1 म्हणजे तुमच्या नव्या दाव्याचा पायाच. वडिलांनी तो कथन केला, चुलत्यांनी नाकारला, कोर्टाने वेगळा मुद्दा काढला, पुरावा घेतला, पाच पानं कारणं दिली. याला ओझरता उल्लेख म्हणता येणार नाही. वाटपाच्याच आधारावर मालकी मागणारा दावा लावलात, तर चुलतभाऊ हा निकाल पुढे करतील आणि माझ्या मते त्यांचं ऐकलं जाईल.

तुमच्या बाजूने एक युक्तिवाद राहतो. हरकतच शाबीत नव्हती, तेवढ्यावरच दावा फेटाळता आला असता, मग मुद्दा 1 ठरवणं आवश्यक नव्हतं, असं म्हणता येईल. पण कोर्टाने दोन्ही कारणांवर दावा फेटाळला असेल तर दोन्ही निष्कर्ष बांधतात, असाच सर्वसाधारण कल आहे. शेवटचा परिच्छेद नीट वाचा, फेटाळण्याचं कारण म्हणून काय लिहिलंय ते बघा.

मुद्दा 2 बद्दल. दावा तर फेटाळला गेला, म्हणजे चुलते जिंकले. जिंकलेल्या माणसाला नुसत्या एका निष्कर्षाविरुद्ध अपील करता येत नाही. ज्याला अपीलच नव्हतं त्याच्यावर तो निष्कर्ष बांधून ठेवता येत नाही. कब्जाचा पुरावा म्हणून निकालपत्र जरूर दाखल करा, पण ते कुलूप म्हणून वापरता येणार नाही.

---

विधी_तृतीय वर्ष

ताई, मग उलट बाजूने बघितलं तर चुलत्यांनी 2011 च्या दाव्यातच वाटप मागायला हवं होतं ना? चौथं स्पष्टीकरण म्हणतं की जो आधार घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, तो घेतला असं मानायचं. मग वाटपाचा आताचा दावाही अडेल.

---

जुन्या वकीलबाई

प्रश्न चांगला विचारलात. पण ते स्पष्टीकरण हल्ल्याच्या आणि बचावाच्या आधारांबद्दल आहे. चुलत्यांचा बचाव 'वाटप झालेलं नाही' एवढाच होता आणि तो त्यांनी घेतला. वाटप मागणं हा त्यांचा स्वतःचा वेगळा हक्क. त्यासाठी प्रतिदावा करता आला असता, पण तो करणं सक्तीचं नव्हतं. आणि सगळ्या मागण्या एकाच दाव्यात आणा हा आदेश 2 नियम 2 वादीसाठी आहे, प्रतिवादीसाठी नाही. शिवाय मिळकत सामाईक आहे तोवर वाटप मागण्याचा हक्क जिवंत राहतो. तो दावा अडणार नाही.

माणदेशी, स्वतंत्र दावा लावलात तर तुमचा दावा नंतरचा, म्हणून कलम 10 खाली तुमचाच थांबेल. त्यापेक्षा जे म्हणायचं ते वाटपाच्या दाव्याच्या कैफियतीतच लिहा. एक लक्षात ठेवा, कलम 10 दाखल तारीख बघतं आणि कलम 11 निकालाची तारीख. दोन्ही दावे चालू राहिले तर नंतर लावलेला पण आधी निकाली निघालेला दावाच दुसऱ्याला बांधतो.

---

सुमन_कोल्हापूर

माझ्या भावाचाही दावा असाच फेटाळला होता, पण तारखेला वकील गेले नाहीत म्हणून. आम्हाला सांगितलं की गुणदोषावर निकाल नाही, पुन्हा लावा. लावला, तोही अडला.

---

जुन्या वकीलबाई

सुमनताई, तुमच्या भावाला अर्धंच सांगितलं गेलं. तो रेस ज्युडिकाटा नाही हे बरोबर, कारण काही ऐकलंच गेलं नाही. पण प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर म्हणून दावा निघाला तर त्याच वादकारणावर नवा दावा आदेश 9 नियम 9 नेच बंद होतो. दावा पुनर्स्थापित करण्याचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीसह त्याच अर्जाचं बघा.

---

माणदेशी

शेवटचा परिच्छेद वाचला. 'वादी यांनी वाटप शाबीत केले नाही, तसेच हरकतही शाबीत नाही, सबब दावा नामंजूर' असं आहे. म्हणजे दोन्ही.

नवा दावा लावणार नाही, वकिलांना सांगितलं. कैफियतीला मुदत आहे. पण एक विचारायचं राहिलं. आत्या 2011 च्या दाव्यात नव्हत्या. त्या म्हणतात, वाटप झालं होतं, आम्ही तेव्हा घरीच होतो, कोर्टात सांगू.

---

जुन्या वकीलबाई

हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. ज्या पक्षकार नव्हत्या त्यांच्यावर 2016 चा निष्कर्ष बांधत नाही आणि त्यांच्या फायद्यालाही येत नाही. म्हणजे तुम्ही आणि चुलतभाऊ यांच्यात वाटपाचा मुद्दा बंद, पण तुम्ही आणि आत्या यांच्यात उघडा, आणि दावा एकच. त्यांची साक्ष चुलतभावांविरुद्ध तुमच्या कामी येणार नाही असं मला वाटतं, पण अशा दाव्यात मुद्दे कसे काढले जातात यावर बरंच अवलंबून आहे. आत्यांचं हित तुमच्यापेक्षा वेगळं आहे, वाटप झालं म्हटलं तर त्यांचाच हिस्सा बुडतो, हे त्यांना समजावून सांगा आणि त्यांचा वकील वेगळा असू द्या.

आज एक काम करा. 2011 च्या दाव्याची मूळ फिर्याद, कैफियत, मुद्दे आणि निकालपत्र, चारही कागदांच्या सही शिक्क्याच्या नकलांसाठी अर्ज टाका. जुनं रेकॉर्ड ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. नुसतं निकालपत्र देऊन मागचा मुद्दा तोच होता की नाही हे ठरत नाही. चुलतभावांनी फक्त निकालपत्र दिलं तर आक्षेप तुम्हालाही घेता येईल.

---

माणदेशी

सोमवारी नकला विभागात जातो. आत्यांशी आज रात्रीच बोलतो. त्यांना हिस्सा नको असं त्या म्हणतात, पण ताई म्हणतायत तसं त्यांना आधी नीट कळू दे. नकला मिळाल्या की फिर्यादीतला वाटपाचा परिच्छेद इथे टाकेन.