निबंधात मुद्दे चांगले, परिच्छेद विस्कटलेले: विद्यार्थिनीला अभिप्रायाचं पत्र कसं लिहू? (मदत हवी आहे)

खडू_डस्टर
दादरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला मराठी शिकवते. 'मुंबईत दरवर्षी पाणी का तुंबते?' यावर ८०० शब्दांचा निबंध लिहायला दिला होता. एका मुलीचे (तिला इथे अ. म्हणू) मुद्दे वर्गात सगळ्यांत सरस आहेत, पण परिच्छेदांचा पार काला झालाय. वहीत लाल शेरा मारण्याऐवजी तिला पानभर पत्र द्यायचंय. तिचा तिसरा परिच्छेद जसाच्या तसा देते, वाक्यांना क्रमांक मी घातलेत:

(१) मुंबई सात बेटे जोडून तयार झाली. (२) त्यामुळे शहराचे बरेच भाग सखल आहेत. (३) २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. (४) मिठी नदीच्या काठावर बांधकामे झाली आहेत. (५) तसेच भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. (६) प्लास्टिकमुळे गटारे तुंबतात. (७) त्याचप्रमाणे हिंदमाताला दरवर्षी पाणी साचते. (८) लोकल बंद पडल्यावर अनोळखी माणसे एकमेकांना मदत करतात.

माझा कच्चा मसुदा: "तुझे विचार खूप छान आहेत, पण मांडणी विस्कळीत वाटते. परिच्छेदांत एकसंधता हवी. पुढच्या वेळी लक्ष दे."

हे वाचून ती नेमकं काय करणार, हे मलाच कळत नाहीये. सुचवा.

बोरिवली_स्लो
बाई, पत्र औपचारिक की अनौपचारिक? दिनांक डावीकडे घ्यायचा की उजवीकडे? माझ्या मुलीचे पत्रलेखनात तिथेच गुण जातात.

खडू_डस्टर
दादा, हे परीक्षेतलं पत्रलेखन नाही, मी मुलीला लिहिणार आहे ते पत्र. दिनांक कुठेही चालेल.

सोपं_करून_सांगा
यात एवढं काय? तिला सूत्र द्या. पहिलं वाक्य मुख्य मुद्द्याचं, मग तीन-चार वाक्यं स्पष्टीकरणाची, एक उदाहरण आणि शेवटचं वाक्य समारोपाचं. प्रत्येक परिच्छेद सहा-सात वाक्यांचा. वाक्यं 'तसेच', 'शिवाय', 'त्याचप्रमाणे' यांनी जोडायची. पाचही परिच्छेद या साच्यात बसवून आण म्हणावं.

समासातली_रेघ
पहिल्या वाक्यात मुद्दा आणायचा, इथवर पटलं. पुढचं या मुलीला उलट अडचणीत टाकेल.

तिच्या परिच्छेदात आठ वाक्यं आहेत, दोन जोडशब्दही आहेत, म्हणजे साचा बऱ्यापैकी भरलेलाच आहे. तरी तो उभा राहत नाही. वाक्य ४ आणि ६ यांची अदलाबदल करून वाचा. काही बिघडलं? नाही. ७ उचलून ३ च्या जागी ठेवा, तरी फरक पडत नाही. वाक्यं हवी तशी फिरवता येतात याचा अर्थ एक वाक्य दुसऱ्यावर उभं नाही, ती नुसती शेजारी बसलीत. 'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' हे शब्द ती बैठक झाकतात. (७) मध्ये 'त्याचप्रमाणे' लिहिलंय, पण हिंदमाताला पाणी साचणं हे प्लास्टिकसारखं आणखी एक कारण नाही, तो परिणाम आहे. जोडशब्द खोटं बोलतोय आणि तिच्या लक्षात आलेलं नाही.

तेव्हा पत्रात आधी तिला एक काम द्या. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एकच वाक्य लिहायचं: हा परिच्छेद काय सांगतो? 'पावसाबद्दल' असं लिहिलेलं चालणार नाही, कारण तो विषय झाला. पूर्ण विधान हवं. ते विधान करताना 'आणि' घालावा लागला तर परिच्छेदात बहुधा दोन परिच्छेद दडलेत. तिसऱ्यासाठी तिला दोनदा 'आणि' लागेल: शहर सखल आहे म्हणून भरतीला पाणी अडतं, आणि माणसांनी पाण्याची वाट अरुंद केली, आणि मुंबईकर मदत करतात.

मग वाक्यं वाटून घ्यायची. १, २, ५, ७ पहिल्या विधानाची. ४ आणि ६ दुसऱ्याची. ८ इथलं नाहीच, पुढे माणसांबद्दलचा परिच्छेद असेल तर तिकडे जाईल. उरलं ३, आणि गंमत तिथेच आहे.

खडू_डस्टर
३ तर मला सगळ्यांत भक्कम वाटलं होतं. आकडा आहे, तारीख आहे.

समासातली_रेघ
आकडा खरा आहे, पण इथे तो तिच्याच म्हणण्याच्या विरोधात जातो. निबंधाचा प्रश्न 'दरवर्षी' असा आहे. ९४४ मिलिमीटर हा दरवर्षीचा पाऊस नव्हे, तो अपवाद. हा आकडा वाचला की वाचक मनात म्हणतो, एवढा पाऊस पडल्यावर कुठलंही शहर बुडेल, यात नाल्यांचा काय दोष? तिला तर सांगायचंय की साध्या पावसातही हिंदमाता भरतं, कारण जमीन खोलगट आहे आणि भरतीला नाल्याच्या तोंडाशी समुद्राची पातळी वर असते. म्हणून ३ या परिच्छेदातून काढायचं आणि हवं तर वेगळ्या परिच्छेदात 'अपवादाचा दिवस' म्हणून वापरायचं. आकडा कुठे शोभतो ते त्या परिच्छेदाचं विधान ठरवतं. विधान आधी लिहिलं नसेल तर हे दिसतच नाही.

सोपं_करून_सांगा
म्हणजे पहिल्या वाक्यात विधान, मी तेच तर म्हणत होतो.

समासातली_रेघ
विधान *असणं* आणि ते *पहिल्या वाक्यात असणं* यात फरक आहे. खडूताई, तिचा चौथा परिच्छेद कसा आहे?

खडू_डस्टर
तो प्रश्नाने सुरू होतो: 'पंप बसवले तरी पाणी का साचते?' मग पंप कुठे बसवले, किती वेळ चालतात, भरतीला काय होतं, आणि शेवटच्या वाक्यात: 'पंप पाणी हलवतो, वाट रुंद करत नाही.'

समासातली_रेघ
मग त्याला हात लावू नका. विधान शेवटी आहे, पण प्रत्येक वाक्य तिकडेच चाललंय, एकही हलवता येत नाही. पत्रात हाच परिच्छेद नमुना म्हणून दाखवा. परक्या लेखकाचा उतारा दिला की 'मला तसं येणार नाही' म्हणून मुलं सोडून देतात. इथे तिनेच ते एकदा केलंय.

कुर्ला_ते_सीएसएमटी
दोन गोष्टी. शुद्धलेखनाच्या चुका याच पत्रात दाखवू नका. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणं सोपं, परिच्छेद मोडणं अवघड. दोन्ही एकदम दिलं तर मुलं सोपं ते करतात आणि वही परत आणतात. शिवाय जे वाक्य काढूनच टाकायचंय त्यातली वेलांटी सुधारून उपयोग काय?

दुसरं, पत्रासोबत गुण देऊ नका. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे: नुसता अभिप्राय मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं, गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांचं नाही.

समासातली_रेघ
शुद्धलेखनाबद्दल शंभर टक्के सहमत. बटलर यांच्या अभ्यासातली मुलं मात्र इस्रायलमधली पाचवी-सहावीची होती आणि कामं छोटी होती, निबंध नव्हते. अकरावीच्या मुलीवर ते तसंच्या तसं लावायला मी कचरेन. तरी पुनर्लेखन हातात येईपर्यंत गुण रोखून ठेवणं मला बरं वाटतं.

खडू_डस्टर
अंतर्गत गुण शुक्रवारपर्यंत भरायचेत, रोखणं माझ्या हातात नाही. बघते काय करता येतं ते. नवा मसुदा:

"प्रिय अ.,

तुझ्या निबंधातली सगळ्यांत जमलेली गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात आहे. शहर सखल आहे, आणि भरतीला नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही. पाणी का तुंबतं याचं उत्तर या दोन गोष्टींच्या जोडीत आहे. वाचकाला मात्र ही जोडी दिसत नाही, कारण दुसऱ्या आणि पाचव्या वाक्याच्या मध्ये २६ जुलै आणि मिठी नदी येऊन बसली आहेत.

आता तुझा चौथा परिच्छेद वाच. त्यातलं कुठलंही वाक्य जागेवरून हलवून बघ. हलत नाही. तिसऱ्यातलं हलतं. सध्या एवढा एकच फरक दूर करायचा आहे.

त्यासाठी प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक पूर्ण वाक्य लिही: हा परिच्छेद काय सांगतो? मग तिसऱ्यातलं प्रत्येक वाक्य त्या विधानाला काय मदत करतं ते विचार. मदत करत नसेल तर फुली मारू नकोस, बाण काढून ते कुठे जाईल ते दाखव. ९४४ मिलिमीटरच्या वाक्याकडे जरा जास्त वेळ बघ. ते 'दरवर्षी' या शब्दाशी जुळतं का?

फक्त तिसरा परिच्छेद पुन्हा लिहून गुरुवारी आण. त्याचे दोन झाले तरी चालतील. बाकी निबंधाला अजून हात लावू नकोस."

समासातली_रेघ
हे तिला वापरता येईल. 'एकसंधता' गेली ते उत्तम, तो शब्द तिला आधीही माहीत होता आणि त्याने काही झालं नव्हतं. एकच भर घाला: नव्या परिच्छेदात 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'शिवाय' वापरायला बंदी. कायमची नाही, या एका फेरीपुरती. मग तिला 'म्हणून', 'पण', 'तरीही', 'कारण' यांतलं काहीतरी शोधावं लागेल, आणि ते शोधताना दोन वाक्यांचं नातं ठरवावंच लागतं.

कुर्ला_ते_सीएसएमटी
मी तर पहिली दोन वाक्यं लिहूनच देईन. म्हणजे असं: 'मुंबईत साध्या पावसातही पाणी तुंबते, कारण पडलेल्या पाण्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही. शहराचा बराच भाग बेटांमधल्या खाड्या बुजवून तयार झाल्यामुळे सखल आहे.' पुढचं तिने लिहायचं. कोऱ्या कागदापेक्षा हे बरं.

समासातली_रेघ
विधान तुम्ही दिलंत की उरतं ते भराभरीचं काम. तिला विधानच करता येत नाहीये, नेमकी तीच मेहनत तुम्ही हिरावून घेताय.

कुर्ला_ते_सीएसएमटी
तिला येत नाही असं कुठे? चौथ्या परिच्छेदात आलंय की. तिला फक्त सुरुवात अडते.

खडू_डस्टर
दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत. आधी न देता पाठवते. गुरुवारी कोरा कागद आला तर ही दोन वाक्यं देईन.

बोरिवली_स्लो
माझी मुलगी आठवीत आहे, ती परिच्छेदच पाडत नाही, दोन पानं सलग लिहिते. तिला हे समासातलं काम जमेल का?

समासातली_रेघ
जमेल, पण जरा उलटं करा. आधी तिला वाचत जायला सांगा आणि बोलणं बदललं असं वाटेल तिथे पेन्सिलने उभी रेघ मारायला सांगा. तुम्ही रेघा मारू नका. दोन पानांत वीस रेघा आल्या तर मुद्दे तुटक आहेत, एकही आली नाही तर ती नुसती वाचतेय. तीन ते सहा आल्या तर त्या प्रत्येक तुकड्यासमोर एक वाक्य लिहायला लावा.