मदत हवी आहे: बहिणीची इटलीतली स्कॉलरशिप अडकली, ऑफिसला पाठवायचा मेल बघून द्या

पऱ्हाटी_दारव्हा
नमस्कार मंडळी. लहान बहीण सप्टेंबरअखेर उत्तर इटलीत एम.एस्सी.ला गेली. घरचं उत्पन्न बघून देतात ती तिथली डीएसयू स्कॉलरशिप मंजूर झाली, यादीत नाव आलं. वर्षाचे सहा हजार युरोच्या वर, त्यातले निम्मे ३१ डिसेंबरपर्यंत यायचे होते. आज १८ जानेवारी. तिच्यासोबत राहणाऱ्या दोघींचे आले, हिचे नाही. आईबाबांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तहसीलच्या किती चकरा मारल्या ते मलाच ठाऊक, त्यामुळे जीव जास्त जळतो. घरात कापूस भरून ठेवला आहे, भाव चढायची वाट बघत होतो. आता बाबा म्हणतात, विकून टाक आणि पोरीला पैसे पाठव.

तिने ऑफिसला हा मेल लिहून ठेवला आहे, मराठीत सांगतो:

"मान्यवर महोदय, मी आपणांस अत्यंत नम्रतापूर्वक कळवू इच्छिते की माझे वडील कोरडवाहू शेतकरी असून यंदा अतिवृष्टीने सोयाबीन हातचे गेले. मला भाडे भरणे अशक्य झाले आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून स्कॉलरशिप लवकरात लवकर जमा करावी ही नम्र विनंती."

पाठवू का असाच?

विदर्भवीर७७
अजिबात नको. इतकं नम्र लिहून कोणी हलत नाही राजेहो. कडक लिहा, भारतीय दूतावासाला सीसी ठेवा, आणि पासपोर्टपासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळं जोडा. कागद कमी पडला म्हणून अडवायला त्यांना जागाच ठेवायची नाही.

मामाचा_वाडा
माझ्या पोराचं असंच झालं होतं. कॉलेजची स्कॉलरशिप वर्षभर येईना. शेवटी समजलं की आधार जुन्या खात्याला जोडलेलं होतं, त्या खात्यात पैसे जाऊन पडले होते. तुम्ही आधी बँकेत जाऊन आधार सीडिंग बघा.

पऱ्हाटी_दारव्हा
काका, ती इटलीतली स्कॉलरशिप आहे, आधारचा संबंध नाही. पण खात्याचं बघायला सांगतो.

पादोवावाली
मी पांढरकवड्याची. दोन वर्षं ही स्कॉलरशिप घेतली आहे, म्हणून लिहिते. भाऊ, मेल बाजूला ठेवा. आधी बहिणीला विद्यापीठाच्या पोर्टलवर स्कॉलरशिपच्या पानावर जाऊन तिच्या नावापुढे कोणता शब्द आहे तो अक्षरन् अक्षर वाचायला सांगा. `idoneo non beneficiario` असेल तर ती पात्र आहे पण निधी संपला. फी माफ होते, रोख मिळत नाही, आणि मेल लिहून काही होत नाही. `beneficiario` असेल तर पैसे मंजूर आहेत, मग खात्याचा किंवा तारखेचा घोळ. `sospeso` असेल तर काहीतरी कागद अडला आहे आणि ते तिची वाट बघत आहेत. तिला वाटतंय ऑफिस झोपलं आहे, आणि ऑफिस म्हणतंय पोरगी झोपली आहे. शब्द विद्यापीठागणिक थोडे बदलतात, म्हणून स्क्रीनवरचा नेमका शब्द हवा.

पऱ्हाटी_दारव्हा
`sospeso` आहे. खाली बारीक अक्षरात "domicilio" असं काही लिहिलं आहे. तिने ते बघितलंच नव्हतं, मेल येईल म्हणून थांबली होती.

पादोवावाली
domicilio म्हणजे राहायचं ठिकाण, मग अडला आहे तो भाड्याचा करार. बाहेरून येऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला मोठी रक्कम मिळते, पण त्यासाठी पैसे भरून निदान १० महिने तिथे राहत असल्याचा नोंदणी केलेला करार दाखवावा लागतो. नाहीतर कमी रकमेच्या गटात टाकतात, किंवा असं लटकवून ठेवतात. तिचा करार कधीपासून कधीपर्यंत आहे?

पऱ्हाटी_दारव्हा
१ नोव्हेंबर ते ३१ जुलै. घरमालक म्हणाला, ऑगस्टमध्ये तशीही गावी जाशील, कशाला भाडं भरतेस. आम्हालाही पटलं, पैसे वाचतात. ऑक्टोबर महिनाभर ती होस्टेलात होती.

पादोवावाली
नऊ महिने. तिथेच गाडी अडली. तुमच्यासारखेच बरेच जण वाचवायला जातात एका महिन्याचं भाडं, आणि अडकते अर्ध्या वर्षाची स्कॉलरशिप.

आता दोन वाटा. पहिली, घरमालकाकडून करार ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून घ्यायचा. ही मुदतवाढ तिथल्या कर खात्यात नोंदवावी लागते आणि नोंदणीची पावती विद्यापीठाला द्यावी लागते. नुसत्या सहीच्या कागदाला कोणी विचारत नाही. दुसरी, ऑक्टोबरच्या होस्टेलची पावती जोडून १० महिने पूर्ण होतात का हे विचारायचं.

विदर्भवीर७७
होस्टेलची पावती चालते. माझ्या मित्राची चालली होती.

पादोवावाली
कुठल्या विद्यापीठात? हे प्रत्येकाच्या जाहिरातीत, म्हणजे बांदोत, वेगळं लिहिलेलं असतं. म्हणून तर विचारायचं. आणि दहावीची मार्कशीट जोडायची नाही. दहा फाइली पाठवल्या की त्यांना हवी असलेली एक शोधायला माणूस लागतो. दूतावासाला सीसी केल्यानेही फाइल हलत नाही.

बहिणीचा मेल वाईट नाही, पण तो तहसीलदाराला द्यायचा अर्ज झाला. वाचणाऱ्याला त्यात तिचा नंबरही सापडत नाही आणि प्रश्नही. असा लिहा:

"विषय: डीएसयू स्कॉलरशिप, विद्यार्थी क्रमांक अमुक, स्थिती `sospeso`, कारण domicilio.
माझा भाडेकरार १ नोव्हेंबर ते ३१ जुलै असा आहे. १ ते ३१ ऑक्टोबर मी पैसे भरून होस्टेलमध्ये राहिले, पावती जोडली आहे. दोन्ही मिळून १० महिन्यांची अट पूर्ण होते का? होत नसल्यास, करार ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून त्याची नोंदणी पावती मी कोणत्या तारखेपर्यंत द्यावी?"

एवढंच. इंग्रजीत लिहा आणि वर विषयाची ओळ इटालियनमध्येही टाका. विद्यापीठाने दिलेल्या मेलवरूनच पाठवा. मी पहिल्या वर्षी जीमेलवरून लिहीत राहिले, शेवटी उत्तर आलं की खासगी पत्त्यावर आम्ही माहिती देत नाही.

झुणका_भाकर
सोयाबीनचं एक वाक्य तरी राहू द्या हो. माणसंच आहेत ना तिथेही.

पादोवावाली
माणसंच आहेत, पण उत्पन्नाचा हिशोब त्यांनी अर्जाच्या वेळीच केला. आता त्यांच्यापुढे फक्त कराराच्या तारखा आहेत. भाडं खरंच थकलं असेल तर ते वेगळ्या मेलमध्ये लिहावं. काही विद्यापीठांत अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी मदत असते.

आणि एक, विचारलं नाही तरी सांगते. उरलेला अर्धा हप्ता १० ऑगस्टपर्यंत ठरावीक क्रेडिट मिळवले तरच येतो, पहिल्या वर्षाला साधारण २०. या भानगडीत जानेवारी-फेब्रुवारीच्या परीक्षा बुडवू नका म्हणावं.

पऱ्हाटी_दारव्हा
ताई, मेल गेला, सहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. होस्टेलची पावती चालेल, पण तिच्या नावावर हवी. आणि इथे पंचाईत: बुकिंग तिच्या मैत्रिणीने स्वतःच्या नावावर केलं होतं. होस्टेलवाले नाव बदलून द्यायला तयार नाहीत. मुदतवाढीला २८ फेब्रुवारीपर्यंत वेळ दिला आहे.

मामाचा_वाडा
घरमालक तयार आहे का?

पऱ्हाटी_दारव्हा
हो म्हणतो, पण ऑगस्टचे २९० युरो आधी हातात ठेव म्हणतो, मगच नोंदणी करतो. बाबा पहिल्यांदाच हसले, म्हणाले चार क्विंटलचा प्रश्न आहे, बाकीचा कापूस राहू दे. उद्या गाडी लावतो. नोंदणीची पावती किती दिवसांत मिळते, कोणाला माहीत आहे का?