मदत हवी आहे: वाटणीपत्रावर आत्याची सही नाही, पण तिच्यासाठी कलम आहे. ते तिला न विचारता रद्द करता येतं का?

निळी_शाई

नमस्कार. प्रश्न घरातला आहे, म्हणून नावं-गावं लिहीत नाही.

माझे बाबा तिघे भाऊ आणि त्यांची एक बहीण, म्हणजे माझी आत्या. तिने लग्न केलं नाही, आजी-आजोबांचं शेवटपर्यंत तिनेच केलं. आजोबा गेल्यावर 2012 मध्ये तिघा भावांनी नोंदणीकृत वाटणीपत्र केलं. त्यातलं एक कलम असं आहे: "थोरले व धाकटे बंधू यांनी आपापल्या हिश्श्यास आलेल्या मिळकतीच्या उत्पन्नातून भगिनीस तिच्या हयातीत निर्वाहासाठी दरमहा ठरलेली रक्कम द्यावी." बाबांच्या वाट्याला मिळकत कमी आली, म्हणून त्यांच्यावर ही जबाबदारी नव्हती. वाटणीपत्रावर आत्याची सही नाही.

पैसे वर्षानुवर्षं वेळेवर येत होते. 28 महिन्यांपूर्वी दोन्ही काकांनी ते बंद केले. आता त्यांनी एक दुरुस्तीपत्र तयार करून आणलंय. त्यात हे कलम वगळलं आहे आणि बाबांची सही मागताहेत. त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं की करार तिघांनी केला, तिघं मिळून तो बदलतील, चौथ्या व्यक्तीला त्यात बोलायचा अधिकारच नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. आत्या स्वतः दावा लावू शकते का? आणि बाबांनी सही केली तर तिचा हक्क संपतो का? बाबा दोन रात्री झोपलेले नाहीत.

सडेतोड

वाईट वाटेल, पण वकील बरोबर बोलताहेत. करार ज्यांच्यात होतो त्यांनाच त्यावर दावा लावता येतो. इंग्लंडमध्ये 1861 सालीच हे ठरलं. दोन व्याह्यांनी आपसात ठरवलं की नवऱ्यामुलाला दोघं पैसे देऊ. मुलीच्या बापाने दिले नाहीत, मुलाने दावा लावला आणि तो हरला. तुमच्या आत्याने तर करारासाठी काही मोबदलाही दिलेला नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दार बंद आहे.

कलमदान

सडेतोड, तुम्ही सांगितलेला नियम खरा आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि भारतात त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

मोबदला कोणी दिला हा पहिला मुद्दा. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 2(ड) प्रमाणे मोबदला वचन घेणाऱ्याने द्यावा किंवा दुसऱ्या कोणीही द्यावा, चालतं. मद्रास हायकोर्टाचा 1882 चा चिन्नय्या विरुद्ध रामय्या हा निकाल त्यावरचाच. आईने मुलीला मालमत्ता दिली आणि सांगितलं की माझ्या भावंडांना दरसाल अमुक रक्कम देत जा. मुलीने त्याच दिवशी त्या भावंडांना तसं वेगळं लिहून दिलं. पुढे ती नाकारू लागली की तुमच्याकडून मला काय मिळालं? कोर्टाने सांगितलं, आईकडून मिळालं ते पुरे आहे. पण तिथे मुलीने भावंडांना थेट लिहून दिलं होतं हे विसरू नका. करारात पक्ष असणं हा दुसरा मुद्दा, आणि तो या निकालाने सुटत नाही. आत्यांची अडचण तिथे आहे.

या दुसऱ्या मुद्द्याला अपवाद आहेत, आणि कुटुंबातल्या स्त्रीच्या निर्वाहाची तरतूद हा आपल्याकडचा सगळ्यात जुना अपवाद. 1910 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम हा निकाल दिला. वधूवर दोघं अज्ञान होते. वराच्या वडिलांनी वधूच्या वडिलांशी करार केला की सुनेला दरमहा 500 रुपये देईन, आणि त्यासाठी ठरावीक मिळकती नेमून दिल्या. सून करारात कुठेच नव्हती, तरी ती जिंकली. व्याह्यांच्या प्रकरणातला इंग्लिश नियम इथे जसाच्या तसा लावला तर घोर अन्याय होईल, असं न्यायाधीशांनी लिहिलं. भावांनी वाटणी करताना आईच्या निर्वाहाची सोय लावली आणि आईला ती वसूल करता आली, असाही मद्रासचा त्याच काळातला निकाल आहे. तुमची हकीकत त्याच्या अगदी जवळ जाते.

निळी_शाई ताई, तीन गोष्टी तपासून सांगा. वाटणीपत्राच्या सुरुवातीला वाटणी का केली याबद्दल काय लिहिलंय? आत्यांनी त्या सुमारास दुसऱ्या कुठल्या कागदावर सही केली होती का? आणि काकांनी पैशांबद्दल आत्यांना कधी काही लिहून पाठवलंय का?

विटा_सिमेंट

माझंही असंच आहे. मी उपकंत्राटदार. मुख्य कंत्राटदार पैसे बुडवून बसलाय, आणि मालक म्हणतो तुझा माझा करार नाही. ख्वाजा निकाल दाखवून मालकाकडून थेट मागता येईल का?

कलमदान

नाही हो. तुम्ही कुटुंबाच्या व्यवस्थेतले लाभार्थी नाही. मुख्य कंत्राटदाराच्या कराराने तुमचा फायदा होतो, पण तो करार तुमच्यासाठी केलेला नव्हता. 1970 च्या रिपोर्टातला सुप्रीम कोर्टाचा एम. सी. चाको यांचा निकाल पाहा. वडिलांनी मालमत्ता कुटुंबात वाटून दिली आणि कागदात लिहिलं की बँकेचं देणं निघालं तर ते मुलाने फेडावं. बँक तोच कागद घेऊन वसुलीला आली. कोर्ट म्हणालं, ही घरच्यांनी आपसात लावलेली सोय आहे, बँकेला हक्क देण्यासाठी हा कागद नाही. कागदात नाव आलं एवढ्याने हक्क येत नाही.

मालकाने तुम्हाला स्वतः कबूल केलं असेल, की तुझे पैसे मी देतो, तू काम थांबवू नकोस, तर मात्र चित्र बदलतं. तसा मेसेज असेल तर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

निळी_शाई

कलमदान काका, तुमचे खूप आभार. काल रात्री आत्याकडे बसून सगळे कागद काढले.

वाटणीपत्राच्या सुरुवातीला आहे: "मिळकतीबाबत आम्हां भावंडांत मतभेद उत्पन्न झाल्याने, आप्तेष्टांच्या मध्यस्थीने..." असं. थोरल्या काकांचा तीन वर्षांपूर्वीचा मेसेज सापडला: "या महिन्याचे पाठवलेत, पुढचेही ठरल्याप्रमाणे पाठवीन."

आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती. वाटणीपत्राच्याच दिवशी आत्याने हक्कसोडपत्र करून दिलं आहे. त्यात लिहिलंय, "कोणताही मोबदला न घेता, प्रेमापोटी." मी विचारल्यावर ती म्हणाली, "महिन्याचे पैसे ठरले म्हणून तर सोडला ना हक्क."

कलमदान

मला या हक्कसोडपत्राचीच शंका होती. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. तिला बाजूला ठेवून भावांना वाटणी पचत नाही, म्हणून हक्कसोड घेतात. दोन्ही कागद एका दिवसाचे असतील तर ते एकाच व्यवहाराचे भाग आहेत असं मांडता येतं. मग आत्या परक्या उरत नाहीत. भावांच्या वचनाचा मोबदला त्यांनीच हिस्सा सोडून दिला, असं होतं.

"मतभेद उत्पन्न झाल्याने" हे शब्दही तितकेच कामाचे आहेत. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 चं कलम 15(क) वाचा. एकाच कुटुंबातल्या लोकांनी वादग्रस्त हक्कांबद्दल तडजोड केली असेल, तर त्या तडजोडीतला लाभार्थी स्वतः कराराच्या अंमलबजावणीचा दावा लावू शकतो. सही नसली तरी. काकांकडून उत्तर येईल की वाद नव्हताच, साधी वाटणी होती. त्याला त्यांचाच कागद उत्तर देतो. मेसेजही जपून ठेवा. तो आत्यांना थेट दिलेला कबुलीजबाब आहे.

आता बाबांबद्दल. ते करारातले पक्ष आहेत, म्हणून ते स्वतःही दावा लावू शकतात. पण नुकसानभरपाई मागू नका. काका उद्या विचारतील, पैसे आत्यांचे थांबले, तुमचं काय गेलं? मागणी करायची ती ठरल्याप्रमाणे आत्यांना पैसे द्या, अशा हुकुमाची. इंग्लंडमध्ये 1967 च्या बेस्विक प्रकरणात हेच झालं. कोळशाचा धंदा पुतण्याला देताना म्हाताऱ्याने ठरवून घेतलं होतं की मी गेल्यावर बायकोला आठवड्याला 5 पौंड द्यायचे. पुतण्याने एकदाच दिले आणि थांबवले. विधवा स्वतःच्या नावाने हरली, पण नवऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्थापक म्हणून, म्हणजे करारातल्या पक्षाच्या जागी उभी राहून, जिंकली. तुमचे बाबा तर हयात आहेत. त्यांनी सही केली की हा रस्ता त्यांच्याच हाताने बंद होतो. सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सडेतोड

हक्कसोडपत्र आधी माहीत नव्हतं. मोबदल्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण "कोणताही मोबदला न घेता" असं आत्यांनीच सही करून दिलंय ना? लेखी कागदाच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही.

दुपारची_सावली

मी दिवाणी बाजूला काम करते. सडेतोड, तिथे काकांचा वकील जोर लावणार हे नक्की. पण कागदात लिहिलेला मोबदला खरा होता की नाही हे दाखवायला कोर्ट बऱ्याचदा वाव देतं, आणि इथे तर पुरावा नुसता तोंडी नाही, त्याच दिवसाचं दुसरं लेखी कागदपत्र समोर आहे. निकाल कुठे झुकेल हे न्यायाधीशावर आहे, आधी सांगता येणार नाही.

कलमदान सरांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. तिघांनी मिळून सही केली तर? करार कायद्याच्या कलम 62 प्रमाणे पक्षांना करार बदलता येतो. इंग्लंडने 1999 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं की त्रयस्थाने संमती कळवली असेल, किंवा करारावर विसंबून पाऊल उचललं असेल आणि वचन देणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर एरवी त्याला विचारल्याशिवाय बदल करता येत नाही. आपल्याकडे असं कलम नाही. न्यास निर्माण झाला असं सिद्ध केलं तर भाऊ मागे फिरू शकत नाहीत, पण नुसता करार ठरला तर लढाई अवघड होते.

कलमदान

"उत्पन्नातून" हा शब्द मला न्यासाकडे, निदान बोज्याकडे नेतो. शिवाय इतकी वर्षं पैसे दिले-घेतले गेले, आत्यांनी त्यावर हिस्सा सोडला. पण तुमचं म्हणणं चुकीचं नाही. सुप्रीम कोर्टाचा नेमका या मुद्द्यावरचा निकाल मी तरी दाखवू शकत नाही.

दुपारची_सावली

ताई, दोन गोष्टींची घाई करा. एक मुदत. निर्वाहाच्या थकबाकीला तीन वर्षं असतात, आणि ती प्रत्येक हप्त्याला वेगळी मोजली जातात. 28 महिने गेलेत, म्हणजे आठ महिन्यांनी पहिला हप्ता मुदतीबाहेर जाईल, मग दर महिन्याला एकेक.

दुसरी गोष्ट मिळकतीची. काकांनी ती विकली तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 39 प्रमाणे ज्याला मिळकतीच्या उत्पन्नातून निर्वाह मिळण्याचा हक्क आहे, तो खरेदीदाराविरुद्धही हक्क बजावू शकतो, पण खरेदीदाराला त्या हक्काची माहिती असेल तर. पैसे मोजून, काहीच माहीत नसताना घेणाऱ्यापुढे हक्क टिकत नाही. वाटणीपत्र नोंदणीकृत आहे ही जमेची बाजू. तरीही आत्यांच्या नावाने वकिलामार्फत दोन्ही काकांना नोटीस द्या आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीसही द्या.

निळी_शाई

बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी थोरल्या काकांना फोन करून सही करणार नाही असं सांगितलं. काका बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग तू भर पैसे." नोटीस सोमवारी जाईल. आत्या म्हणते, हक्कसोडपत्रातलं ते "प्रेमापोटी" वाचून तिने सही केली नव्हती, तिला कोणी वाचूनच दाखवलं नव्हतं. याचा दाव्यात उपयोग होईल, की उलट अंगावर येईल?

दुपारची_सावली

नोटिशीत तो मुद्दा आत्ता घालू नका. मजकूर माहीत नव्हता म्हटलं की हक्कसोडपत्रच रद्द करा अशी मागणी येते, आणि तो वेगळा दावा, त्याची मुदत वेगळी. तुम्हाला तर ते हक्कसोडपत्र मोबदला म्हणून उभं राहायला हवंय. आधी वकिलांसमोर दोन्ही कागद ठेवा आणि कुठल्या पायावर उभं राहायचं ते ठरवा.