अपचारी की संबंधित कर्मचारी?

टिपणीस: निलंबन आढावा समितीपुढे ठेवायला एका प्रकरणाचा घटनाक्रम तयार करतेय. नस्तीत पानोपानी 'अपचारी' लिहिलंय. चौकशी अजून चालूच आहे, मग आत्ताच अपचारी कसं म्हणायचं? साहेब म्हणतात, रूढ शब्द आहे, राहू दे.

शुद्धमती: अपचार म्हणजे दुर्वर्तन, म्हणजे निकाल आधीच लावल्यासारखं झालं. आयुर्वेदात कुपथ्यालाही अपचार म्हणतात. आणि नस्ती लिहिलंत, बरं वाटलं. हल्ली सगळे फाइल म्हणतात.

दप्तरी: नस्ती म्हणा नाहीतर फाइल, हरवायची ती हरवतेच. 'संबंधित कर्मचारी' लिहा, पण खरी मेख क्रियापदांत आहे. 'रक्कम स्वीकारली' असं लिहू नका, 'रक्कम स्वीकारल्याचे दोषारोपपत्रात नमूद' असं लिहा आणि शेजारी पान क्रमांक टाका. 'दोषारोप सिद्ध' हाही चौकशी अधिकाऱ्याचा निष्कर्ष असतो. शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला तो अमान्य करता येतो, म्हणून दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

गावकामगार: एवढं कशाला? 9 जुलै 2019चा शासन निर्णय बघा. दोषारोपपत्र 90 दिवसांत काढलं की विषय संपला.

दप्तरी: काढलं नव्हे हो, बजावलं! टिपणीसताई, तुमच्या तारखा काय आहेत?

टिपणीस: निलंबन आदेश 14 मार्चचा, हाती पडला 22 मार्चला. दोषारोपपत्रावर 10 जून आहे, पोच 19 जूनची.

दप्तरी: हेच ते. कागदावरच्या तारखा धरल्या तर 88 दिवस. आदेशापासून पोचेपर्यंत मोजले तर 97. पोच ते पोच 89. तक्त्यात एकच 'दिनांक' रकाना ठेवलात तर समितीचा निर्णय तुम्हीच घेऊन टाकलात. 'आदेशाचा दिनांक' आणि 'बजावल्याचा दिनांक' असे दोन रकाने करा. दिवस समितीला मोजू द्या. पोच सापडली नाही तर 'नस्तीत पोच आढळली नाही' म्हणा, 'बजावले नाही' म्हणू नका.

शुद्धमती: बजावणे हे वाजवण्यावरून आलं. पूर्वी दवंडी पिटून हुकूम ऐकवत.

सातपुडा: फारसी 'बजा आणणे', म्हणजे पार पाडणे, त्यावरून आलं. दवंडी कुठून काढलीत?

शुद्धमती: वाद्य बजावतात की नाही?

गावकामगार: माझं दोषारोपपत्र घराच्या दाराला डकवून गेले होते, मी लेकीकडे नागपूरला. ती तारीख कसली धरायची? निर्वाह भत्ताही अडकला होता.

दप्तरी: मग तिसरा रकाना, 'बजावणीची रीत'. डकवलं असेल तर पंचनामा कुठल्या पानावर आहे तेही लिहायचं.

टिपणीस: रकाने करते. पण साहेबांना 'अपचारी'चं काय सांगू?

सातपुडा: त्याआधी 'घटनाक्रम'च खटकतो. घटना घडली की नाही, यावरच तर चौकशी आहे. 'तारीखवार तक्ता' म्हणा.

शुद्धमती: तारीख अरबी आहे. दिनांकवार म्हणा.

गावकामगार: आणि तक्ता?