शेवटच्या फेरीनंतर ऑफर नाकारायची आहे. कारण किती आणि कसं सांगावं?

शलाका_म
मंडळी, सल्ला हवा आहे. मी डेटा अॅनालिस्ट. एका कंपनीत सगळ्या फेऱ्या पार पडल्या, परवा ऑफर लेटर आलं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे, अजून सही केलेली नाही. मी नाही म्हणायचं ठरवलं आहे.

जाहिरातीत आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत मॉडेल बांधायचं काम सांगितलं होतं. शेवटच्या फेरीत खोदून विचारलं तेव्हा कळलं, की निम्म्याहून जास्त वेळ दर महिन्याचे ठरलेले रिपोर्ट काढण्यात जाईल. पगारही अपेक्षेपेक्षा थोडा कमी आहे. दुसरीकडची ऑफर हातात आहे. आणि त्या फेरीत मॅनेजर आपल्याच टीममधल्या ज्युनिअर मुलीला वारंवार मध्येच तोडत होते, ते मला खटकलं.

पण लोकांनी माझ्यासाठी मनापासून वेळ दिला. माझ्या असाइनमेंटवर एका सीनिअरने पानभर अभिप्राय लिहिला. म्हणून नीट, खरं सांगून नाही म्हणायचं आहे. मेल लिहायला घेतला तर चार परिच्छेद झाले आणि वाचताना ती तक्रार वाटते आहे.

निशांत७
कारण देऊच नका. 'वैयक्तिक कारणामुळे शक्य नाही' असं एक वाक्य लिहा आणि आभार माना. जेवढं जास्त लिहाल तेवढे फाटे फुटतात.

पडद्यामागचा
मी बरीच वर्षं भरतीचं काम करतो. निशांत, कमी लिहावं हे बरोबर. पण शेवटच्या फेरीनंतर 'वैयक्तिक कारण' वाचलं की आम्ही हमखास फोन करतो. घरी काही अडचण आहे का, जॉइनिंग पुढे ढकलू का, घरून काम चालेल का? म्हणजे जो फाटा टाळायचा तोच फुटतो. शिवाय महिन्याभरात लिंक्डइनवर नवी नोकरी दिसते आणि ते कारण खोटं होतं हे सगळ्यांना कळतं.

शलाका, पहिली गोष्ट म्हणजे शुक्रवारची वाट पाहू नका. या टप्प्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार थांबवून ठेवलेला असतो. तुमचा होकार येईपर्यंत त्याला ना हो सांगता येतं ना नाही, आणि तो तेवढ्यात दुसरीकडे निघून गेला की सगळी प्रक्रिया पुन्हा सुरू. तुमचं ठरलं असेल तर आजच कळवणं हा तुमच्या आभाराच्या चार ओळींपेक्षा मोठा आदर आहे.

आता कारण. तुमच्याकडे चार आहेत, सांगायचं एकच. ते कसं निवडायचं? समजा त्यांनी उद्या पगार वाढवला, तर तुम्ही जाल का? जाणार असाल तर हा नकार नाही, ही वाटाघाट आहे, आणि ती आत्ता उघडपणे करा. जाणार नसाल तर पगाराचा उल्लेखसुद्धा करू नका. तो केलात तर रिक्रूटर वरून मंजुरी मिळवण्यासाठी धावपळ करेल, नवा आकडा घेऊन येईल आणि तुम्ही पुन्हा नाही म्हणाल. लोक दुखावतात ते या दुसऱ्या नकाराने. जे कारण बाकी सगळं दुरुस्त होऊनही उरतं, ते तुमचं खरं कारण.

शलाका_म
पगार वाढवला तरी नाही जाणार. कामाचं स्वरूप हेच खरं कारण.

पडद्यामागचा
मग तेवढंच. आधी फोन, ज्यांनी ऑफर दिल्याचं तोंडी सांगितलं त्यांना. त्याच दिवशी मेल, कारण त्यांना ऑफर बंद करायला लेखी काहीतरी लागतं. मेल साधारण असा:

'नमस्कार, ऑफरबद्दल मनापासून आभार. विचार करून मी ती स्वीकारत नाही. मला पुढची काही वर्षं मुख्यतः मॉडेलिंगचं काम करायचं आहे, आणि शेवटच्या चर्चेतून या पदावर रिपोर्टिंगचा वाटा मोठा असेल असं समजलं. असाइनमेंटवर मिळालेला तपशीलवार अभिप्राय मला फार उपयोगी पडला, तो लिहिणाऱ्यांना माझे आभार जरूर कळवा.'

'तुम्ही जाहिरातीत वेगळं सांगितलं होतं' हे लिहू नका. खरं आहे, पण ते वाक्य आलं की समोरचा बचाव करायला लागतो. 'मला काय हवं आहे' इथून सुरुवात केली की वाद घालायला जागा राहत नाही. 'सध्या तरी', 'कदाचित', 'खूप जड मनाने' हेही काढा. अशा शब्दांमुळे तुमचं मन वळवता येईल असं वाटतं.

मृण्मयी
माझंही असंच झालंय! मी सही करून दिली, इथे राजीनामाही दिला, आणि आता जायचंच नाही असं वाटतंय. मीही असाच मेल पाठवू का?

पडद्यामागचा
मृण्मयीताई, तुमची गोष्ट वेगळी आहे. सही झाली की ते दिलेला शब्द मागे घेणं होतं. आधी ते पत्र पूर्ण वाचा, नोटीस किंवा भरपाईची अट आहे का बघा, आणि मगच फोन करा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कावेरी_
मॅनेजरचं वागणं मात्र सांगायला हवं, असं मला वाटतं. बाहेरच्या माणसाने सांगितलं नाही तर आतलं कोण सांगणार? मी त्या ज्युनिअर मुलीच्या जागी राहिले आहे.

पडद्यामागचा
तुमचा मुद्दा मला कळतो. तरी नकाराच्या मेलमध्ये नको. तो मेल बहुधा त्याच मॅनेजरकडे फॉरवर्ड होतो, आणि खोलीत ज्युनिअर एकच होती. रोष तिच्यावर निघेल. एचआरने नंतर वेगळं विचारलं तर तोंडी सांगावं.

कावेरी_
एचआर कधीच विचारत नाही. म्हणजे हे कायमचं राहून जाणार.

निशांत७
एक राहिलं. कुणी रेफर केलं होतं का? केलं असेल तर त्या माणसाला आधी सांगा. त्याला ऑफिसमध्ये दुसऱ्याकडून कळलं तर वाईट दिसतं.

शलाका_म
निशांत, बरं झालं आठवण केलीत. एका जुन्या सहकाऱ्याने रेफर केलं होतं. त्याला आधी सांगितलं, मग रिक्रूटरला फोन केला.

त्यांनी लगेच विचारलं, 'काय केलं तर तुमचा विचार बदलेल?' मी म्हटलं, 'प्रश्न अटींचा नाही, कामाचा आहे, आणि ते काम तुमच्या टीमची खरी गरज आहे. ते माझ्यासाठी बदलावं असं मी म्हणणार नाही.' मग कुठे जाताय असं विचारलं. जॉइन झाल्यावर कळवेन, एवढंच सांगितलं. त्यांनी ताणलं नाही. मेल वरच्यासारखाच पाठवला, फक्त मॉडेलिंगचं पद निघालं तर जरूर कळवा ही ओळ वाढवली, कारण तसं झालं तर मला खरंच आवडेल.

मॅनेजरबद्दल बोलले नाही. कावेरी, तुमचं म्हणणं डोक्यात आहे आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

कावेरी_
त्या मुलीने मुलाखतीत चांगला प्रश्न विचारला असेल, तर आभारात त्याचा उल्लेख करता आला असता. तो मॅनेजरनेही वाचला असता.

शलाका_म
विचारला होता, डेटा किती जुना असतो याबद्दल. त्यावरच मला रिपोर्टिंगचं कळलं. उद्या रिक्रूटरचं उत्तर आलं की त्यात लिहिते.