वडिलांच्या निधनानंतर विमानाची तारीख शुल्काविना बदलून मिळावी, यासाठी कंपनीला ईमेल कसा लिहावा?

लेक_दिग्रसची: माझ्या वडिलांचे ११ तारखेला रात्री यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात निधन झाले. नागपूर ते बेंगळुरू असे आम्हा तिघांचे परतीचे तिकीट १८ तारखेचे आहे आणि तेरवी २३ तारखेला आहे. यजमान कामामुळे ठरल्या दिवशीच जातील, मात्र मला आणि मुलाला थांबायचे आहे. तिघांचा पीएनआर एकच आहे. तारीख बदलण्याचे शुल्क माफ व्हावे म्हणून ईमेलमध्ये काय लिहावे? मृत्यूचा दाखला अजून हाती नाही, कारण आमच्या ग्रामसेवकांकडे दोन गावांचा कारभार आहे. वरखर्च हजार रुपयांच्या आत राहावा, अशी इच्छा आहे.

पांढरे_सोने: ताई, ईमेलच्या फंदात पडू नका. तिकीट रद्द करा आणि नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेसने जा. मी नेहमी त्याच गाडीने जातो, आणि घरचा डबा सोबत असला म्हणजे प्रवास जाणवतही नाही.

वऱ्हाडी_वकील: कुटुंबात मृत्यू झाला असल्यास तारीख फुकट बदलून देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ईमेलमध्ये नियमाचा हवाला देऊन कडक भाषेत लिहा, म्हणजे ते मुकाट्याने देतात.

तिकीटवाले_काका: वकीलसाहेब, असे बंधन नाही. आपण ज्या सवलतीविषयी ऐकले असेल, ती तिकीट काढल्यानंतरच्या थोड्या काळापुरती असते. मृत्यूच्या कारणाने शुल्क माफ करणे हे कंपनीच्या मर्जीवर आहे, म्हणून धमकीपेक्षा विनंतीच कामी येते.

ताई, यवतमाळला तिकिटे काढून देण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्या अनुभवावरून सांगतो. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू होतो तेथील निबंधकाकडे होते. वडील यवतमाळच्या दवाखान्यात गेले, म्हणून दाखला यवतमाळ नगर परिषदेकडून मिळेल आणि तुमच्या ग्रामसेवकांची वाट पाहण्यात दिवस जातील. तोवर दवाखान्याने दिलेले, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे मृत्यूचे प्रमाणपत्र जोडा आणि दाखला मागाहून पाठवू असे लिहा. तुमचे तिकीट सासरच्या नावाने असणार, त्यामुळे वडिलांशी नाते दाखवायला शाळा सोडल्याचा दाखला किंवा विवाह प्रमाणपत्रही जोडा. बरेच अर्ज या नात्याच्या पुराव्यावाचूनच अडतात.

शुल्क माफ झाले तरी जुन्या आणि नव्या तिकिटाच्या भाड्यातील फरक बहुधा भरावाच लागतो, म्हणून एकच तारीख न मागता २५ ते २७ मधील सर्वांत कमी भाड्याचे विमान मागा. मजकूर साधारण असा ठेवा, आणि पाठवताना तो सोप्या इंग्रजीत करून घ्या:

«विषय: वडिलांच्या निधनामुळे तारीख शुल्काविना बदलण्याची विनंती, पीएनआर अमुक, प्रवास १८ तारीख, नागपूर ते बेंगळुरू.
माझ्या वडिलांचे ११ तारखेला निधन झाले असून अंत्यविधीनंतरचे धार्मिक कार्य २३ तारखेला आहे. कृपया या बुकिंगमधून माझे व माझ्या मुलाचे तिकीट वेगळे करून ते २५ ते २७ या तारखांमधील विमानावर द्यावे आणि बदलाचे शुल्क माफ करावे. तिसऱ्या प्रवाशाचे तिकीट आहे तसेच ठेवावे. भाड्यातील फरक किती होईल, ते बदल करण्यापूर्वी कळवावे. दवाखान्याचे प्रमाणपत्र व नात्याचा पुरावा जोडला आहे.»

घाटंजीकर: आमच्या चुलत्यांच्या वेळी कंपनीने चुलते हे जवळचे नातेवाईकच नाहीत असे कळवले होते. ज्या माणसाने आम्हाला लहानाचे मोठे केले, त्याच्याबद्दल हे ऐकावे लागले! ताईंचे तर वडील आहेत, तेव्हा अडचण येऊ नये. मात्र आमचे तिकीट एका संकेतस्थळावरून काढलेले होते आणि कंपनीने आम्हाला परत तिकडेच धाडले. तुमचे कुठून काढले आहे?

पांढरे_सोने: म्हणूनच मी म्हणतो, रेल्वे बरी.

वऱ्हाडी_वकील: कागद जोडा हे मीही सांगणारच होतो. मात्र ग्रामपंचायतीचा दाखला असल्याशिवाय ईमेल पाठवू नये, अर्धवट अर्ज फेटाळला जातो.

तिकीटवाले_काका: थांबलात तर १८ तारीख उजाडेल. विमान सुटून गेल्यावर प्रवासी आलाच नाही अशी नोंद होते आणि मग बदल करायला तिकीटच उरत नाही. ईमेल आज पाठवा, फोन करून तक्रार क्रमांक घ्या, आणि १७ तारखेच्या दुपारपर्यंत उत्तर आले नाही तर शुल्क भरून तारीख बदलून घ्या. ईमेल विमान सुटण्याच्या आधीच पाठवला होता, या पुराव्यावर शुल्काचा परतावा नंतर मागता येतो, मात्र तो मिळेलच असे नाही.

लेक_दिग्रसची: तिकीट कंपनीच्याच संकेतस्थळावरून काढले आहे. काकांचा मजकूर भाच्याकडून इंग्रजीत करून घेतला आणि दवाखान्याचे प्रमाणपत्र व शाळेचा दाखला जोडून आत्ताच पाठवला. तारीख मात्र मी २४ हीच मागितली आहे. त्या दिवशीचे भाडे सर्वांत जास्त दिसते आणि शुल्क माफ झाले तरी हजारात भागणार नाही, पण मुलाची परीक्षा २५ पासून सुरू होते. तक्रार क्रमांक मिळाला आहे, उत्तर अद्याप नाही.

तिकीटवाले_काका: ठीक आहे. मग भाडे वाढण्याआधी उद्या सकाळीच तो क्रमांक सांगून पुन्हा फोन करा.